फॉर्म १६ मधले आरएसयू आणि ब्रोकरचा कागद: दोघांचे आकडे जुळवायचे कसे

अमेरिकेत नोंदलेल्या कंपनीच्या भारतातल्या शाखेत नोकरी लागली की पगाराबरोबर आरएसयू, म्हणजे कामाचा मोबदला म्हणून कंपनीकडून मिळणारे तिचेच शेअर, हे एक प्रकरण मागे लागतं. ठरलेल्या तारखेला, म्हणजे व्हेस्टिंगच्या दिवशी, काही शेअर तुमच्या परदेशी ब्रोकरच्या खात्यात येतात. त्यातले काही लगेच विकून कर भरला जातो, उरलेले तुमचे. इथवर कुणाला काही अडत नाही. अडतं ते जूनमध्ये. फॉर्म १६ एक रक्कम सांगतो, ब्रोकरचं स्टेटमेंट दुसरी, पगाराची स्लिप तिसरी, आणि रिटर्न भरताना यातली कुठली कुठे लिहायची ते कुणीच सांगत नाही.

पहिल्या वर्षी मी ब्रोकरचा अहवाल उघडला. खरेदी किमतीच्या रकान्यात शून्य होतं. मी तेच शून्य रिटर्नमध्ये उतरवलं आणि ज्या रकमेवर कंपनीने आधीच कर कापला होता तिच्यावर पुन्हा एकदा कर भरला. डिसेंबरात एका सहकाऱ्याशी बोलताना चूक कळली आणि मुदत संपायच्या आत सुधारित रिटर्न भरून पैसे परत मिळाले. तेव्हापासून मी आधी कागद जुळवते आणि मगच रिटर्नला हात लावते. तीच पद्धत इथे एका उदाहरणावरून सांगते.

उदाहरण आर्थिक वर्ष २०२४-२५ चं आहे, म्हणून कलमं १९६१ च्या आयकर कायद्यातली आहेत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला २०२५ चा नवा कायदा लागू होतो आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलतात. त्या वर्षाचं रिटर्न भरताना नवे क्रमांक पाहून घ्या. लेखातले भाव आणि विनिमय दर हिशोब सोपा जावा म्हणून धरलेले आहेत.

आधी एक गोष्ट पक्की करा: एकाच शेअरवर दोनदा कर लागतो, पण दोन वेगळ्या रकमांवर

शेअर तुमच्या नावावर येतात त्या दिवशी त्यांची जी किंमत असते ती तुमचा पगारच मानली जाते. कायद्याच्या भाषेत ती परक्विझिट, कलम १७(२)(vi). तिच्यावरचा कर कंपनी टीडीएस म्हणून कापते. पुढे तुम्ही शेअर विकता तेव्हा त्या किमतीच्या वर जो फायदा झाला, तेवढाच भांडवली नफा. तो कंपनीला ठाऊक नसतो. तो तुम्ही स्वतः रिटर्नमध्ये दाखवायचा.

या दोन टप्प्यांना जोडणारं वाक्य कलम ४९(२एए) मध्ये आहे. परक्विझिट काढताना जी बाजारकिंमत धरली गेली, तीच विक्रीच्या वेळी तुमची खरेदी किंमत. इथे ‘धरली गेली’ याला महत्त्व आहे. ब्रोकरला वाटते ती किंमत नाही, त्या दिवशी बाजार बंद होतानाचा भाव नाही. कंपनीने तुमच्या पगारात जो आकडा मिळवला तो. सगळी जुळवाजुळव या एका आकड्याभोवती फिरते, म्हणून पहिलं काम तो आकडा शोधण्याचं.

पायरी १: कंपनीने धरलेली प्रति शेअर किंमत शोधा

फॉर्म १६ च्या भाग ब मध्ये परक्विझिटची एकूण रक्कम असते. तिची फोड फॉर्म १२बीए मध्ये, आणि त्यात स्टॉक ऑप्शनची वेगळी ओळ असते. दोन्ही कागद सहसा एकाच पीडीएफमध्ये येतात, पण लोक पहिली दोन पानं पाहून फाईल बंद करतात. शेवटपर्यंत खाली जा.

तिथे मिळते ती वर्षभराची एकूण रक्कम. प्रति शेअर किंमत बहुतेकदा पगाराच्या स्लिपमध्ये किंवा पेरोलच्या आरएसयू तक्त्यात असते. तक्ता आपणहून कुणी पाठवत नाही, मागावा लागतो. मेलमध्ये एवढंच विचारा: ‘प्रत्येक व्हेस्टिंगची तारीख, शेअरची संख्या, प्रति शेअर धरलेली रुपयातली किंमत आणि कापलेला कर यांचा तक्ता पाठवाल का?’

आपल्या उदाहरणातला तक्ता असा: १५ मे २०२४ ला १०० शेअर व्हेस्ट झाले, प्रति शेअर ४,१०० रुपये धरले, परक्विझिट ४,१०,००० रुपये, त्यावर ३० टक्के आणि ४ टक्के सेस मिळून ३१.२ टक्के दराने १,२७,९२० रुपये टीडीएस.

ब्रोकरच्या कागदावर मात्र त्याच दिवसाचा भाव ५० डॉलर आहे. डॉलरचा दर ८३ रुपये धरला तर ४,१५० रुपये होतात. हे ५० रुपये कुठे गेले?

ही चूक असेलच असं नाही. आयकर नियम ३(८) प्रमाणे भारतातल्या मान्यताप्राप्त शेअर बाजारात नोंद नसलेल्या शेअरची किंमत मर्चंट बँकरकडून काढून घ्यावी लागते. कंपनी न्यूयॉर्कच्या बाजारात नोंदलेली असली तरी या नियमापुरती ती नोंद नसलेलीच धरली जाते. शिवाय हे मूल्यांकन त्या दिवसाचंच असावं अशी अट नाही, आधीच्या १८० दिवसांतलं चालतं. त्यातून डॉलरचा रुपया करताना पेरोल आणि तुम्ही वेगळ्या दिवसाचा दर घेतलेला असू शकतो. म्हणून किंमत थोडी वरखाली असली तर भांडू नका, ४,१०० लिहून घ्या. फरक दहा-वीस टक्क्यांचा असेल तर मात्र मूल्यांकन कोणत्या तारखेचं आहे ते विचारा.

पायरी २: शेअरची संख्या तपासा

हा मला सगळ्यात उपयोगी पडलेला ताळा. १२बीए मधली रक्कम प्रति शेअर किमतीने भागा. उत्तर व्हेस्ट झालेल्या सगळ्या शेअरइतकं यायला हवं.

```
४,१०,००० ÷ ४,१०० = १००   → बरोबर
२,७८,८०० ÷ ४,१०० = ६८    → फक्त हातात आलेले शेअर मोजले
८,२०,००० ÷ ४,१०० = २००   → तेच व्हेस्टिंग दोनदा धरलं
```

करासाठी विकलेले शेअरही आधी तुमचे झाले आणि मगच विकले गेले, म्हणून पगारात सगळे १०० येतात. ६८ उत्तर आलं तर उत्पन्न कमी दाखवलं गेलं आहे. तुम्हाला वाटेल, बरंच झालं. पण खऱ्या उत्पन्नाची जबाबदारी तुमची असते. फॉर्म १६ मध्ये कमी लिहिलं म्हणून ती संपत नाही. २०० आलं तर जादा कर कापला गेला आहे.

वर्षात चार व्हेस्टिंग असतील तर चारही ओळींची बेरीज १२बीए शी लावा. एक व्हेस्टिंग गळलं किंवा दोनदा आलं तर फरक नेमका त्या ओळीच्या रकमेएवढा येतो आणि पटकन सापडतो.

पायरी ३: करासाठी विकलेल्या शेअरचा माग काढा

बहुतेक कंपन्या ज्याला सेल टू कव्हर म्हणतात त्यात ब्रोकर कराएवढे शेअर विकतो आणि पैसे कंपनीकडे पाठवतो. आपल्या उदाहरणात कर निघाला ३१.२ टक्के, पण शेअर तुकड्यात विकले जात नाहीत, म्हणून ३२ विकले. विक्री १६ मे ला ५०.१० डॉलरने झाली. एकूण १,६०३.२० डॉलर, त्यातून ३.२० डॉलर शुल्क वजा होऊन १,६०० डॉलर कंपनीकडे गेले. ८३ च्या दराने ते १,३२,८०० रुपये.

आता मे महिन्याची पगाराची स्लिप उघडा. पहिल्यांदा पाहणारा तिथे हमखास गोंधळतो. उत्पन्नाच्या बाजूला आरएसयूचे ४,१०,००० रुपये दिसतात आणि वजावटीच्या बाजूला तेवढीच रक्कम पुन्हा दिसते. कारण शेअर काही पैशाच्या रूपात मिळालेले नाहीत. ते फक्त कर मोजण्यासाठी आत आणले आणि बाहेर काढले. टीडीएस १,२७,९२० रुपयांनी वाढलेला असतो, आणि ब्रोकरकडून आलेले १,३२,८०० रुपये जमा दाखवलेले असतात. दोन्हींतला फरक ४,८८० रुपये. तो तुमच्या हातात पडणाऱ्या पगारात मिसळून येतो.

हे ४,८८० रुपये नवं उत्पन्न नाहीत. तुमच्याच शेअरचे उरलेले पैसे आहेत. पेरोलने ते चुकून करपात्र रकमेत मिळवले नाहीत ना, हे पाहा. चूक छोटी असते, पण वर्षात चार वेळा होते.

एक इशारा. काही पेरोल कर एकाच महिन्यात कापत नाहीत, वर्षाच्या उरलेल्या महिन्यांत पसरवतात. मग मे महिन्यात टीडीएस आणि ब्रोकरची रक्कम जुळणारच नाही. अशा वेळी महिन्याचा हट्ट सोडा आणि वर्षाअखेरचा एकूण टीडीएस फॉर्म २६एएस शी, म्हणजे तुमच्या नावावर जमा झालेल्या कराच्या विभागाकडच्या नोंदीशी लावा.

काही कंपन्या शेअर विकत नाहीत, ३२ शेअर स्वतःकडेच ठेवून तुम्हाला थेट ६८ देतात. त्यांची परक्विझिट साधारणपणे १०० वरच धरलेली असते, पण ३२ शेअर तुमच्या खात्यात आलेच नाहीत, म्हणून त्यांची विक्री दाखवायला काही नसतं. तुमच्याकडे यातला कुठला प्रकार आहे ते ब्रोकरच्या व्यवहारांच्या यादीवरून कळतं. यादीत विक्रीची ओळ असेल तर सेल टू कव्हर.

पायरी ४: विक्रीचा नफा रुपयात स्वतः काढा

सेल टू कव्हर ही खरोखरची विक्री आहे. पैसे तुमच्या हातात न येता सरकारकडे गेले असले तरी ती रिटर्नमध्ये दाखवायची असते. बरेच जण ती गाळतात, कारण नफा जवळजवळ शून्य असतो. पण ब्रोकरच्या यादीत आहे ती विक्री तुमच्या रिटर्नमध्ये नाही, अशी अवस्था कशाला ठेवायची?

डॉलरचा रुपया करण्यासाठी नियम ११५ आहे. भांडवली नफ्यासाठी विक्रीच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा स्टेट बँकेचा टीटी बायिंग रेट, म्हणजे बँक ज्या दराने डॉलर विकत घेते तो दर घ्यायचा. मे मधल्या विक्रीसाठी ३० एप्रिलचा. महिनाअखेर सुट्टीची असली, जशी ३१ मार्च २०२४ ला रविवार होता, तर त्याआधीच्या कामाच्या दिवसाचा दर घेण्याची पद्धत आहे. गुगलवर दिसणारा दर किंवा ब्रोकरने तुमचे पैसे पाठवताना लावलेला दर इथे चालत नाही.

३० एप्रिलचा दर ८३ धरू. विक्रीची रक्कम १,६०३.२० गुणिले ८३, म्हणजे १,३३,०६५.६० रुपये. शुल्क २६५.६० रुपये. खरेदी किंमत ३२ गुणिले ४,१००, म्हणजे १,३१,२०० रुपये. नफा १,६०० रुपये.

उरले ६८. त्यातले ४० शेअर १० डिसेंबर २०२४ ला ५६ डॉलरने विकले. हिशोब सुटसुटीत राहावा म्हणून शुल्क नव्हतं असं धरू. ३० नोव्हेंबरचा दर ८४. विक्रीची रक्कम २,२४० डॉलर, म्हणजे १,८८,१६० रुपये. खरेदी किंमत ४० गुणिले ४,१००, म्हणजे १,६४,००० रुपये. नफा २४,१६० रुपये.

आता ब्रोकर काय म्हणतो ते पाहा. त्याच्या अहवालात प्रति शेअर ५० डॉलर खरेदी आणि ५६ डॉलर विक्री, म्हणून नफा २४० डॉलर. त्याला ८४ ने गुणलं की २०,१६० रुपये. तुमच्या हिशोबापेक्षा बरोबर ४,००० रुपये कमी. हा फरक दोन जागी सापडतो. कंपनीने शेअरमागे ४,१५० ऐवजी ४,१०० धरले, त्याचे ४० शेअरमागे २,००० रुपये. आणि डॉलर ८३ चा ८४ झाला, त्याचे ४० गुणिले ५० डॉलर गुणिले १ रुपया, म्हणजे आणखी २,०००. फरकाची अशी फोड करता आली की समजायचं, आकडे जुळले. दोन्ही रकमा सारख्या येणं हे ध्येयच नाही.

डॉलरमधला नफा काढून त्याला एकाच दराने गुणणारेही आहेत. मी ते करत नाही, कारण आपली खरेदी किंमत डॉलरमध्ये नाहीच. फॉर्म १६ मध्ये ती रुपयात ठरली आणि तिच्यावर रुपयात कर भरला गेला.

आणि ब्रोकरने खरेदी किंमत शून्य दाखवली असेल तर? फुकट मिळालेल्या शेअरला खरेदी किंमत कशी, असं त्यांच्या प्रणालीचं म्हणणं असतं. तो आकडा उतरवला तर डिसेंबरच्या विक्रीवर नफा १,८८,१६० रुपये होतो, आणि ज्या १,६४,००० वर पगारात कर भरला त्यांच्यावर पुन्हा ५१,१६८ रुपये जातात. माझी चूक नेमकी हीच होती.

पायरी ५: रिटर्नमध्ये कुठे काय लिहायचं

परदेशी शेअर असले की आयटीआर-१ चालत नाही. धंद्याचं उत्पन्न नसेल तर आयटीआर-२.

पगाराच्या भागात फॉर्म १६ मधली रक्कम जशीच्या तशी. विक्री झाली म्हणून परक्विझिट कमी करू नका. नवखे लोक कधीकधी ३२ शेअर पगारातून वजा करतात, ‘ते तर करातच गेले’ म्हणून. कर भरण्यासाठी खर्च झालेला पैसाही आधी उत्पन्नच असतो.

भांडवली नफ्याच्या शेड्यूल सीजी मध्ये दोन्ही विक्री अल्पमुदतीच्या. परदेशात नोंदलेल्या शेअरसाठी २४ महिन्यांहून जास्त काळ धरले तरच दीर्घ मुदत, आणि मोजणी शेअर तुमच्या नावावर आले त्या तारखेपासून. आरएसयू मंजूर झाल्याची तारीख जुनी असली तरी तिचा इथे उपयोग नाही. भारतीय बाजारात एसटीटी, म्हणजे शेअर व्यवहारावरचा कर, भरून विकलेल्या शेअरचा रकाना यासाठी नाही, तिथला सवलतीचा दर या शेअरना लागत नाही. ‘इतर मालमत्ता’ या भागात जा. तिथे विक्रीची रक्कम १,३३,०६६ अधिक १,८८,१६०, खरेदी किंमत १,३१,२०० अधिक १,६४,०००, विक्रीचा खर्च २६६ असं लिहिलं की नफा २५,७६० येतो आणि त्यावर तुमच्या स्लॅबचा दर लागतो. दीर्घ मुदतीचा असता तर २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीवर १२.५ टक्के, महागाई निर्देशांकाचा लाभ न घेता.

त्याच शेड्यूलच्या शेवटी तिमाहीप्रमाणे फोड विचारलेली असते. १५ जूनपर्यंतच्या रकान्यात १,६०० आणि १६ सप्टेंबर ते १५ डिसेंबरच्या रकान्यात २४,१६०. ती रिकामी सोडू नका, आगाऊ कराच्या व्याजाचा हिशोब तिच्यावरूनच होतो.

पायरी ६: शेड्यूल एफए जुळणार नाही, आणि ते ठीक आहे

परदेशी मालमत्तेचं शेड्यूल एफए कॅलेंडर वर्षाचं असतं. २०२४-२५ च्या रिटर्नमध्ये १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२४ या काळातली मालमत्ता येते. शेअर तक्ता ए३ मध्ये जातात: सुरुवातीची किंमत, वर्षातली सर्वाधिक किंमत, ३१ डिसेंबरची किंमत, मिळालेला लाभांश आणि विक्रीची रक्कम. विनिमय दरही वेगळा. इथे आधीच्या महिनाअखेरचा दर नाही, तर शेअर घेतले तो दिवस, किंमत सर्वाधिक होती तो दिवस आणि ३१ डिसेंबर, या त्या त्या दिवसांचा टीटी बायिंग रेट लागतो.

त्यामुळे एफए मधले आकडे सीजी शी जुळत नाहीत. समजा जानेवारी २०२५ मध्ये आणखी दहा शेअर विकले असते, तर ते या वर्षीच्या सीजी मध्ये आले असते, पण या वर्षीच्या एफए मध्ये ३१ डिसेंबरला तुमच्याकडेच दिसले असते. त्यांची विक्री पुढच्या वर्षीच्या एफए मध्ये. अनेक जण या टप्प्यावर घाबरून एक बाजू ‘दुरुस्त’ करतात आणि दोन्ही बिघडवतात.

संख्या मात्र जुळायला हवी. १०० आले, ३२ आणि ४० गेले, ३१ डिसेंबरला २८ उरले. ब्रोकरच्या डिसेंबरच्या स्टेटमेंटवर २८ च दिसले पाहिजेत. हा तक्ता टाळण्याचा मोह होऊ देऊ नका. परदेशी खात्यांची माहिती करारांनुसार आयकर विभागाकडे येत असते, आणि एफए न भरल्याबद्दल काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून इतर परदेशी मालमत्ता एकूण २० लाखांपर्यंत असेल तर या दंडातून सूट मिळाली आहे, पण ती सूट दंडापुरती. तक्ता भरावाच लागतो.

मार्चअखेरचं व्हेस्टिंग: तारखेचा खरा घोळ

किमतीच्या फरकापेक्षा हा मला जास्त त्रासाचा वाटतो. समजा २८ मार्च २०२५ ला, शुक्रवारी, आणखी काही शेअर व्हेस्ट झाले. पेरोल २० तारखेलाच बंद झालेलं होतं, म्हणून ती रक्कम एप्रिलच्या स्लिपमध्ये आणि पुढच्या वर्षीच्या फॉर्म १६ मध्ये गेली. ब्रोकरच्या यादीत मात्र मार्च लिहिलेलं आहे. उत्पन्न कुठल्या वर्षाचं?

पाहायचं ते शेअर तुमच्या नावावर कधी आले. व्हेस्टिंगची तारीख आणि खात्यात शेअर जमा होण्याची तारीख यांत एक-दोन कामाचे दिवस जाऊ शकतात. २८ ला व्हेस्ट होऊन १ एप्रिलला जमा झाले असतील तर पेरोलचं एप्रिल पटण्याजोगं आहे. जमा झाल्याची तारीख दाखवणारं ब्रोकरचं पान छापून ठेवा आणि पुढे जा. ३१ मार्चच्या आत जमा झाले असतील तर उत्पन्न २०२४-२५ चं आणि फॉर्म १६ अपुरा.

असं दिसलं तर धावपळ मे महिन्यात करा, जुलैत नाही. कंपनी जानेवारी ते मार्च तिमाहीचं टीडीएस विवरण, फॉर्म २४क्यू, ३१ मे पर्यंत भरते आणि फॉर्म १६ त्याच्यावरूनच तयार होतो. ते भरलं जाण्याआधी चूक सांगितली तर पेरोलला एक ओळ बदलायची असते. नंतर सांगितली तर त्यांना दुरुस्ती विवरण भरावं लागतं, आणि त्याला त्यांची तयारी नसते, हे अनुभवाने सांगते.

कंपनीचा आकडाच चुकला असेल तर

पेरोलला लिहिताना ‘माझा कर जास्त कापला’ असं लिहू नका. ते उत्तर देतील, रिटर्नमध्ये परतावा घ्या. त्याऐवजी ओळ दाखवा: ‘१५ मे २०२४ चं १०० शेअरचं व्हेस्टिंग १२बीए मध्ये दोनदा आलं आहे. मेच्या स्लिपमध्ये ४,१०,००० आणि जूनच्या स्लिपमध्ये पुन्हा ४,१०,०००. ब्रोकरच्या यादीत ते एकदाच आहे, पान सोबत जोडलं आहे. २४क्यू दुरुस्त करून सुधारित फॉर्म १६ द्यावा.’ अशा पत्राला टाळणं अवघड जातं.

दुरुस्ती मिळालीच नाही तर? रिटर्नमध्ये पगार कमी दाखवणं शक्य आहे, पण विभागाकडे कंपनीने पाठवलेला आकडा वेगळा असल्यामुळे विचारणा येऊ शकते. उत्तर द्यायला तयार असाल, म्हणजे पेरोलशी झालेला पत्रव्यवहार, तक्ता आणि ब्रोकरची यादी हाताशी असेल, तर दाखवा. नसेल तर चार्टर्ड अकाउंटंटला गाठा. एक गोष्ट मात्र करू नका: पगारातली चूक भांडवली नफ्यात तोटा दाखवून भरून काढू नका. रक्कम सारखी दिसली तरी दोन्हींचे नियम वेगळे आहेत, आणि भांडवली तोटा पगारातून वजा होतच नाही.

रिटर्न भरून झाल्यावर चूक सापडली तर सुधारित रिटर्न ठरलेल्या मुदतीतच भरता येतं, त्या वर्षाची मुदत तपासून घ्या. त्यानंतरचं अद्ययावत रिटर्न कर वाढत असेल तरच भरता येतं, परतावा मागण्यासाठी ते चालत नाही.

वर्ष बंद करताना

उरलेल्या २८ शेअरची एक ओळ एक्सेलमध्ये लिहून ठेवा: जमा झाल्याची तारीख मे २०२४, प्रति शेअर ४,१०० रुपये, २४ महिने मे २०२६ मध्ये पूर्ण. शेजारी त्या वर्षीचा १२बीए आणि पेरोलचा तक्ता. नोकरी बदलली की जुन्या कंपनीचं पेरोल पोर्टल काही महिन्यांत बंद होतं, आणि ब्रोकर ४,१०० हा आकडा कधीच दाखवणार नाही. त्याला तो माहीतच नाही.